शून्य की माहीत नाही: एका दुहेरी खरेदीचा तपास

17 जुलै 2025, गुरुवार. दुपारी तीन-वीसच्या सुमारास ब्रोकरकडून मेसेज आला की माझ्या खात्यातले 500 शेअर त्यांनी स्वतःहून विकून टाकले आहेत. मी ऐरोलीच्या घरात दुसऱ्याच कामात होतो. माझ्या समजुतीप्रमाणे त्या दिवसाचा सौदा एक वाजायच्या आधीच संपला होता आणि हातात काहीच उरायला नको होतं.

सौदे मी करत नाही, मी लिहिलेला पायथनचा एक छोटा प्रोग्रॅम करतो. तो दर पाच मिनिटांनी एकाच शेअरची कँडल, म्हणजे त्या पाच मिनिटांतल्या भावांची नोंद, पाहतो आणि किमतीच्या दोन सरासऱ्यांची तुलना करतो, एक नऊ कँडलची जलद आणि दुसरी एकवीस कँडलची मंद. जलद सरासरी मंदच्या वर असेल आणि हातात शेअर नसतील तर 500 शेअर घ्यायचे. ती खाली आली की विकायचे आणि त्या दिवसापुरतं दुकान बंद. सगळं त्याच दिवसात मिटवायचं असतं. दिवसअखेर काही उरलंच तर ब्रोकर ते आपणहून विकतो आणि त्याचे वेगळे पैसे लावतो.

संध्याकाळी ब्रोकरकडून दिवसाच्या सौद्यांचा हिशेब, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट नोट आली आणि चित्र स्पष्ट झालं. 11:35 ला 742.30 रुपयांनी 500 शेअर घेतले होते, 11:40 ला 743.10 रुपयांनी आणखी 500. प्रोग्रॅमने 12:50 ला 735.00 रुपयांनी 500 विकले. उरलेले 500 ब्रोकरने 726.50 ला विकले. एकच खरेदी झाली असती तर तोटा 3,650 रुपयांचा होता आणि तो मला मान्य होता. दुसऱ्या खरेदीने त्यात 8,300 ची भर घातली. एकूण 11,950, वर दलाली आणि कर.

प्रश्न एकच होता. हातात 500 शेअर असताना त्याने पुन्हा का घेतले?

माझ्याकडे प्रोग्रॅमची नोंदवही होती. ती अशी:

```
11:35:04 signal BUY, order placed
11:40:14 signal BUY, order placed
12:50:03 EXIT, order placed
```

प्रोग्रॅमने काय केलं ते या तीन ओळी सांगतात. ते तर कॉन्ट्रॅक्ट नोटही सांगते, आणि किमतीसकट सांगते. मला शंका तीन होत्या. पहिली, पहिली ऑर्डर गेली नाही असं समजून प्रोग्रॅमने ती पुन्हा टाकली असेल. दुसरी, सिग्नल मधल्या पाच मिनिटांत पालटून परत आला असेल. तिसरी, हातात किती शेअर आहेत हे प्रोग्रॅमने ब्रोकरला विचारलं तेव्हा उत्तर चुकीचं आलं असेल. तिन्हींमध्ये या तीन ओळी अगदी अशाच उमटल्या असत्या.

मग मी जे बहुतेक लोक करतील ते केलं. त्या दिवसाच्या कँडल उतरवून घेतल्या आणि तोच प्रोग्रॅम त्यांच्यावर पुन्हा चालवून पाहिला. एकच खरेदी झाली. चार वेळा चालवला, चारही वेळा एकच. या प्रयोगात दोन संध्याकाळी गेल्या, आणि त्यातून काहीच सिद्ध होणार नव्हतं हे मला उशिरा उमगलं. नंतर उतरवलेली माहिती पूर्ण आणि स्वच्छ असते. 11:40 ला प्रोग्रॅमच्या समोर काय होतं, हे त्या माहितीला ठाऊक नसतं. आणि हातात किती शेअर आहेत हा आकडा तर कँडलमध्ये येतच नाही, पुन्हा चालवताना तो प्रोग्रॅम स्वतःच मनाने धरून चालतो.

रविवारी नौपाड्यात मामाकडे गेलो होतो. मामाने ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात तीस वर्षं हिशेब सांभाळले. संगणकाच्या भाषा त्यांना येत नाहीत, पण कीर्द आणि व्हाउचर यांत त्यांचं आयुष्य गेलं आहे. मी सगळं सांगितलं. त्यांनी तीन ओळींचा कागद हातात घेतला आणि विचारलं, "माल घ्यायच्या आधी गोदामात काय आहे ते कोणी पाहिलं?"

"प्रोग्रॅम पाहतो, मामा. प्रत्येक वेळी ब्रोकरला विचारतो."

"पाहतो ते ठीक. पण पाहिलं तेव्हा किती दिसलं, ते कुठे लिहिलंय?"

ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मामांचं पुढचं म्हणणं मला कामाचं वाटलं. त्यांच्या कारखान्यात खरेदीच्या मागणीवर शिल्लक साठ्याचा रकाना असायचा. मागणी करणाऱ्याने तो भरल्याशिवाय सही होत नसे. आणि मागणी फेटाळली तरी कागद फाडत नसत, "नामंजूर" शिक्का मारून त्याच फाइलला लावत. "झालेल्या खरेदीचे कागद सगळेच ठेवतात," ते म्हणाले, "आम्हाला चोऱ्या सापडल्या त्या न झालेल्या खरेदीच्या कागदांत."

त्यावरून मी नोंदवही नव्याने बांधली. प्रत्येक निर्णयाची एक नोंद, जेसन स्वरूपात, एका ओळीत एक. साध्या वाक्यांऐवजी जेसन घ्यायचं कारण एवढंच की प्रत्येक आकड्याला नाव मिळतं आणि नंतर त्या नावाने तो शोधता येतो, गाळता येतो. "हातात 0 दिसले आणि तरीही सिग्नल खरेदीचा होता अशा सगळ्या ओळी दे" हे वाक्यांच्या वहीला विचारता येत नाही.

नोंदीत मी चार गोष्टी घेतल्या. निर्णयाच्या क्षणी प्रोग्रॅमच्या समोर असलेले आकडे, जसेच्या तसे. मग प्रत्येक अट आणि ती पूर्ण झाली की नाही. मग निर्णय. आणि त्या क्षणी प्रोग्रॅमची कोणती आवृत्ती चालू होती तिची खूण, कारण मी दर आठवड्याला त्यात काही ना काही बदलत असतो आणि दोन महिन्यांनी ओळ वाचताना तेव्हाचा नियम काय होता हे आठवणीवर सोडणं बरं नाही.

सगळ्यात महत्त्वाचा बदल म्हणजे "काही केलं नाही" याचीही नोंद. बाजार सव्वानऊ ते साडेतीन चालतो, म्हणजे 375 मिनिटं, म्हणजे पाच मिनिटांच्या 75 कँडल. पूर्वी दिवसाला दोन-तीन ओळी लिहिल्या जायच्या, आता 75 जातात. फाइल अवाढव्य होईल अशी मला धास्ती होती, ती निराधार निघाली. एक ओळ साधारण 700 बाइट धरली तर दिवसाचे 50-55 केबी होतात आणि वर्षाच्या सुमारे 250 दिवसांचे 13-14 एमबी. फोनमधल्या दोन-तीन फोटोंएवढी जागा.

लिहिण्याची पद्धत एवढीच आहे:

```python
line = json.dumps(rec, ensure_ascii=False, allow_nan=False)
f.write(line + "\n")
f.flush()
os.fsync(f.fileno())
```

यातल्या दोन गोष्टींसाठी मला थांबावं लागलं. सकाळच्या पहिल्या वीस कँडलपर्यंत मंद सरासरी तयारच नसते आणि पायथनमध्ये तिची किंमत "आकडा नाही" अशी, म्हणजे `NaN` असते. पायथन ते जेसनमध्ये निमूटपणे लिहून मोकळा होतो, पण जेसनच्या नियमात `NaN` बसत नाही. ती ओळ दुसऱ्या एखाद्या काटेकोर साधनाने वाचायला घेतली की ते अडतं. `allow_nan=False` दिलं की लिहितानाच चूक दिसते, आणि तिथे काय लिहायचं ते आपण ठरवू शकतो. दुसरी गोष्ट `fsync`. ते नसेल तर ओळ काही वेळ मेमरीतच राहू शकते आणि वीज गेली की नेमकी शेवटची, सगळ्यात हवी असलेली ओळ जाते. यात काही मिलिसेकंद जातात. पाच मिनिटांच्या कँडलवर चालणाऱ्या माणसाला ते परवडतं. सेकंदाला शेकडो निर्णय घेणाऱ्याला वेगळी व्यवस्था लागेल.

किमती मी पैशांत, पूर्णांकात लिहितो. 742.30 ऐवजी 74230. दशांशाचे आकडे संगणक दोनात मोजतो, त्यामुळे बेरजेत कुठेतरी 742.3000000001 उमटतं आणि तपासाच्या वेळी उगीच शंका येते. वेळेला `+05:30` जोडलेलं असतं आणि मशीनचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवलेलं असतं, नाहीतर माझी ओळ आणि ब्रोकरची वेळ यांचा ताळा लागत नाही.

शिवाय जुलैच्या अनुभवानंतर एक बांध घातला. एका दिवसात खरेदी 500 च्या वर जाता कामा नये. आणि ही मोजणी ब्रोकरला विचारून करायची नाही, आपल्याच वहीतल्या त्या दिवसाच्या खरेदीच्या ओळी मोजून करायची.

नवी वही 4 ऑगस्टपासून सुरू झाली. दर शनिवारी मी ती स्प्रेडशीटमध्ये उतरवून मामांना दाखवायला न्यायचो, ठाण्याची लोकल पकडून. ते प्रत्येक ओळ वाचत. घाई नाही, बोट रकान्यावरून खाली सरकत जाणार. पहिले सहा शनिवार काही निघालं नाही.

सातवा शनिवार 20 सप्टेंबरचा, पितृपक्षातला. मामांचं बोट गुरुवारच्या पानावर थांबलं. ती ओळ अशी होती (फाइलमध्ये ती सलग एकाच ओळीत असते, इथे वाचण्यासाठी मोडली आहे):

```json
{"seq": 49,
 "ts": "2025-09-18T13:20:12.118+05:30",
 "code": "a41f9c2",
 "in": {"close_p": 68845, "fast_p": 68790,
        "slow_p": 68710,
        "pos_qty": 0, "pos_ms": 10004},
 "rules": [["signal_long", true], ["flat", true],
           ["day_qty_ok", false]],
 "decision": "BLOCK"}
```

दिवसाची एकोणपन्नासावी कँडल, 1:20 ला संपलेली. सिग्नल खरेदीचा. हातात शेअर 0, असं प्रोग्रॅम म्हणतो. दिवसाची मर्यादा संपलेली, म्हणून अडवलं. पण 1:10 ला 500 शेअर घेतलेले होते आणि ते हातातच होते. 1:15 च्या ओळीत `pos_qty` बरोबर 500 होतं, 1:25 च्या ओळीतही 500. मधल्या एकाच ओळीत शून्य.

म्हणजे जुलैतली घटना पुन्हा घडली होती, फक्त या वेळी बांध मध्ये आला होता. पैसे गेले नव्हते, ऑर्डर गेली नव्हती, ब्रोकरकडे काहीही नोंद नव्हती. "काही केलं नाही" याच्या ओळी मी लिहीत नसतो तर हे घडलं हे जगात कोणालाच कळलं नसतं.

मी तेवढ्यावर खूश होऊन म्हणालो की शंका नंबर तीन खरी ठरली, ब्रोकर चुकीचं उत्तर देतो. मामा मान हलवायला तयार नव्हते. त्यांचं बोट शेजारच्या रकान्यावर होतं.

"हा दहा हजार चार कशाचा आकडा?"

"उत्तर यायला लागलेला वेळ, मामा. मिलिसेकंदांत."

"बाकीच्या ओळींत दीडशे, दोनशे, फार तर तीनशे. इथेच दहा हजार? आणि बरोबर दहा हजारांच्या जवळ?"

`pos_ms` हा रकाना मी फारसा विचार न करता ठेवला होता, ब्रोकरचं सर्व्हर किती जलद आहे ते बघावं म्हणून. 10,000 मिलिसेकंद म्हणजे दहा सेकंद, आणि दहा सेकंद ही मीच प्रोग्रॅममध्ये घातलेली मुदत होती: एवढ्यात उत्तर आलं नाही तर वाट पाहायचं सोडून द्यायचं. म्हणजे ब्रोकरने चुकीचं उत्तर दिलं नव्हतं, त्याच्याकडून उत्तरच आलं नव्हतं. मग शून्य आलं कुठून?

लॅपटॉप तिथेच उघडला. विचारणा करणारं फंक्शन दीड वर्षापूर्वीचं:

```python
def get_positions():
    try:
        return broker.positions(timeout=10)
    except Exception:
        return []
```

काही बिघडलं तर रिकामी यादी परत करायची. प्रोग्रॅम थांबू नये म्हणून सुरुवातीच्या दिवसांत घातलेला हा `except` आहे आणि नंतर त्याकडे लक्षच गेलं नाही. रिकामी यादी म्हणजे हातात काही नाही, म्हणजे शून्य, म्हणजे खरेदीला मोकळीक. "मला कळलं नाही" याचं रूपांतर "काही नाही" यात या चार ओळींमध्ये होत होतं, आणि पुढचा सगळा प्रोग्रॅम त्या शून्यावर विश्वास ठेवून अगदी नियमाने वागत होता.

माझी नवी वहीसुद्धा तेच शून्य उतरवत होती. हे मला सगळ्यात जास्त लागलं. नोंद मी फंक्शनमधून बाहेर आलेल्या आकड्याची करत होतो. आकडा बाहेर येईपर्यंत खरं काय घडलं ते पुसलेलं होतं. शेजारी वेळेचा रकाना नसता तर मी ब्रोकरला दोष देऊन त्यांना तक्रारीचं पत्र धाडलं असतं, आणि ते सपशेल चुकीचं ठरलं असतं.

जाळं किती मोठं आहे ते पाहायला त्याच वेळी सगळ्या फाइलींवर एक प्रश्न टाकला:

```
jq -c 'select(.in.pos_ms > 5000)
  | [.ts, .in.pos_qty, .in.pos_ms, .decision]' *.jsonl
```

33 दिवसांच्या सुमारे 2475 ओळींतून तीन आल्या:

```
["2025-09-02T14:05:12.240+05:30",0,10003,"NONE"]
["2025-09-10T10:30:12.087+05:30",0,10004,"NONE"]
["2025-09-18T13:20:12.118+05:30",0,10004,"BLOCK"]
```

पहिल्या दोन वेळांना सिग्नल खरेदीचा नव्हता, त्यामुळे खोट्या शून्याने काही बिघडवलं नाही. चूक तीन वेळा झाली आणि तीनपैकी एकदाच तिला वाट मिळाली. जुलैच्या आधी दीड वर्ष हे का दिसलं नाही याचं उत्तरही इथेच आहे. उत्तर हुकणं आणि त्याच कँडलला सिग्नल चालू असणं हे दोन्ही एकत्र यावं लागतं.

मग मामांनी जुलैचा तो तीन ओळींचा कागद मागितला. तो मी पाकिटात ठेवला होता. 11:35:04, 11:40:14, 12:50:03. पहिली आणि तिसरी नोंद कँडल संपल्यावर तीन-चार सेकंदांत, मधली चौदा सेकंदांनी. ते दहा जादा सेकंद तिथे पहिल्या दिवसापासून लिहिलेले होते. तरी मी याला जुलैच्या घटनेचा पुरावा म्हणत नाही. ही खूण आहे. दहा सेकंद दुसऱ्या कशातही जाऊ शकतात आणि त्या दिवशी हातातले शेअर किती दिसले हे लिहिलेलं नाही. जुलैबद्दल मी आजही "बहुधा" असंच म्हणतो, सप्टेंबरबद्दल "नक्की".

दुरुस्ती दोन जागी केली. फंक्शन आता रिकामी यादी देत नाही, उत्तर मिळालं की नाही हे वेगळं सांगतं. आणि वहीत हातातल्या शेअरचा एकच आकडा न लिहिता एक छोटा गट लिहिला जातो:

```json
"pos": {"ok": false, "qty": null,
        "ms": 10003, "err": "timeout"}
```

जेसनमध्ये `0` आणि `null` हे दोन निरनिराळे आहेत. `0` म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. `null` म्हणजे मोजताच आलं नाही. हा फरक आधी प्रोग्रॅमच्या आत टिकला पाहिजे, तरच तो वहीत उतरतो. म्हणून आता पहिली अट `pos_known` ही आहे. ती खोटी असेल तर निर्णय `SKIP` आणि कारण `pos_unknown`.

खरेदीच्या बाबतीत हे सोपं आहे, कळत नसेल तर घेऊ नये. विक्रीच्या बाबतीत नाही. हातात 500 शेअर असतील, भाव पडत असेल आणि आपल्याला किती आहेत हेच कळत नसेल, तर गप्प बसणंही महाग पडतं. उलट हातात काही नसताना विकायला गेलो तर उधारीची विक्री होऊन बसते. यावर मी बराच विचार केला. आता खरेदी पूर्ण होताच स्टॉपलॉसची, म्हणजे भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विकणारी ऑर्डर बाजारात आधीच लावून ठेवली जाते, म्हणजे प्रोग्रॅम आंधळा झाला तरी ती आपलं काम करते. आणि विक्रीच्या वेळी उत्तर आलं नाही तर पाच-पाच सेकंदांनी तीनदा विचारायचं, तरी नाही आलं तर माझा फोन वाजतो. या तिन्ही प्रयत्नांच्या तीन वेगळ्या ओळी पडतात. एकात गुंडाळत नाही.

मामांचा एक आक्षेप अजून उरला होता. "कीर्द शाईने लिहितात आणि पानांना आकडे असतात. तुझी ही वही तू रात्री बसून बदललीस तर मला कसं कळणार?" आक्षेप रास्त होता. फाइल माझ्याच मशीनवर, प्रोग्रॅमही माझाच. आता प्रत्येक ओळीत आधीच्या ओळीचा SHA-256 ठसा असतो. मधली एक ओळ बदलली, तर तिचा ठसा बदलतो आणि पुढच्या ओळीत लिहिलेला जुना ठसा जुळत नाही. पण एवढं पुरेसं नाही, कारण मी पूर्ण साखळी नव्याने लिहू शकतो. म्हणून 3:35 ला त्या दिवसाच्या शेवटच्या ओळीचा ठसा मामांच्या मेलवर जातो. ते त्यांच्या डायरीत त्यातली पहिली आठ अक्षरं लिहून ठेवतात. शनिवारी आधी ती आठ अक्षरं जुळवायची, मग वाचन.

दोन नियम मी ठाम केले आहेत. वहीत लिहिता आलं नाही, डिस्क भरली किंवा काहीही, तर ऑर्डर जाणार नाही. आणि ब्रोकरचं टोकन, पासवर्ड यांतलं काहीही वहीत येणार नाही. पहिल्या आठवड्यात मी ब्रोकरकडे जाणारी विनंती जशीच्या तशी उतरवत होतो आणि तिच्या शीर्षकात टोकन होतं. ती फाइल मी मामांना मेल करणार होतो. पाठवायच्या आधी सहज नजर गेली म्हणून वाचलो. आता कोणते रकाने लिहायचे त्यांची यादी आहे, यादीबाहेरचं काहीही लिहिलं जात नाही.

काही जण विचारतात की सेबीच्या 4 फेब्रुवारी 2025 च्या परिपत्रकानुसार अल्गोच्या, म्हणजे प्रोग्रॅमने टाकलेल्या ऑर्डरींना एक्स्चेंजची ओळखखूण लागते, मग वेगळी वही कशाला? ती खूण ऑर्डर कुठून आली ते सांगते, आणि ऑर्डर गेली तरच सांगते. 18 सप्टेंबरची अडवलेली ओळ कोणत्याही एक्स्चेंजकडे असू शकत नाही.

माझ्या वहीलाही मर्यादा आहे. ब्रोकरकडून उत्तर का आलं नाही हे ती सांगू शकत नव्हती, त्यांचं सर्व्हर अडकलं की माझी इंटरनेटची लाइन. म्हणून भाव आणायला लागलेला वेळ `px_ms` हाही आता शेजारी लिहितो. नोव्हेंबर अखेरपर्यंत `SKIP` च्या चार ओळी पडल्या. त्यांतल्या एकीत दोन्ही वेळा दहा हजारांच्या घरात आहेत, म्हणजे माझ्याकडची लाइन गेली होती. उरलेल्या तिन्हींत भाव दोनशे मिलिसेकंदांच्या आत आला आणि हातातल्या शेअरचं उत्तर मात्र आलं नाही.

सध्या मी आणि मामा दुसऱ्या एका रिकाम्या रकान्यावर अडलो आहोत. ऑर्डर पाठवायच्या आधी एक ओळ पडते, "आता पाठवतो" अशी. उत्तर आलं की दुसरी ओळ, ब्रोकरच्या ऑर्डर क्रमांकासह. दोन्ही एकाच `decision_id` ने बांधलेल्या. पण पाठवली आणि उत्तरच आलं नाही, तर ऑर्डर पोहोचली की नाही? पुन्हा पाठवली तर जुलैसारखी दुहेरी खरेदी होऊ शकते. माझा ब्रोकर ऑर्डरला छोटी खूणचिठ्ठी जोडू देतो, तिच्यात मी `decision_id` घालतो. उत्तर हुकलं तर ओळीत `"sent": null` लिहिलं जातं आणि प्रोग्रॅम ब्रोकरच्या ऑर्डर बुकात ती चिठ्ठी शोधतो. सापडली तर `true`. दोनदा शोधूनही सापडली नाही तर मी `false` लिहायचं म्हणतो. मामांचं म्हणणं, दोनदा शोधून सापडलं नाही म्हणजे नाहीच असं कोणी सांगितलं, तो रकाना संध्याकाळची कॉन्ट्रॅक्ट नोट येईपर्यंत रिकामाच राहू दे आणि तोवर नवी ऑर्डर टाकू नकोस. गेल्या शनिवारपासून प्रोग्रॅम त्यांच्या म्हणण्याप्रमाणे चालतो आहे.